शाळेची मुलं प्रयोगशाळेत येतात तेव्हा : एक काच, एक वाक्य

फेब्रुवारी उजाडला की विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना शाळांची पत्रं येऊ लागतात. रामन परिणामाचा शोध २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागला. त्याची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास सातवी-आठवी-नववीचे वर्ग प्रयोगशाळा बघायला येतात. चाळीस-पन्नास मुलं, दोन शिक्षक आणि वाट्याला येणारी पंधरा-वीस मिनिटं. मुलांना माहिती देण्याचं काम बहुतेक वेळा पीएच.डी. करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याकडे येतं. तो प्रत्येक यंत्रापाशी थांबून त्याचं नाव, किंमत आणि उपयोग सांगतो. मुलं वहीत नावं उतरवून घेतात आणि घरी गेल्यावर "काय बघितलंस?" असं आईनं विचारलं तर "मोठमोठी मशिनं" एवढंच सांगतात.

हा लेख अशा संशोधक विद्यार्थ्यांसाठी आणि प्राध्यापकांसाठी आहे. सूचना एकच आहे : संपूर्ण प्रयोगशाळा दाखवू नका, त्यातला एक प्रयोग दाखवा आणि तो एका वाक्यात सांगा. हे वाक्य कसं बांधायचं, कसं तपासायचं आणि त्यातला शब्द न् शब्द मुलांसमोर कसा खरा करून दाखवायचा, हे आपण कोल्हापुरातल्याच एका प्रयोगावरून पाहू.

प्रयोग कोणता निवडायचा

शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र अधिविभागात पातळ फिल्मवरचं संशोधन कित्येक वर्षं चालत आलं आहे. काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर एखाद्या पदार्थाचा अतिशय पातळ थर चढवायचा आणि त्याचे गुण तपासायचे, हे या कामाचं स्वरूप. थर चढवण्याच्या तिथं रुळलेल्या पद्धतींपैकी एक म्हणजे स्प्रे पायरोलिसिस. तापलेल्या काचेवर द्रावण फवारायचं आणि उष्णतेनं त्याचं विघटन घडवायचं. या पद्धतीचा आवाका मांडणारा प्रा. पी. एस. पाटील यांचा आढावा-लेख १९९९ मध्ये 'मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स' या नियतकालिकात आला आणि या विषयात काम करणारे आजही त्याचा आधार घेतात.

या पद्धतीनं होणारा एक जुना, चांगला पारखलेला प्रयोग आपण निवडू : काचेवर टिन ऑक्साइडचा, म्हणजे कथिलाच्या ऑक्साइडचा, थर चढवणं. त्यात थोडं फ्लोरिन मिसळलेलं असतं, म्हणून प्रयोगशाळेत अशा काचेला एफटीओ म्हणतात. पुढच्या पुष्कळ प्रयोगांसाठी ती लागते, त्यामुळे पातळ फिल्मच्या कोणत्याही प्रयोगशाळेत तिचे तुकडे कपाटात सापडतातच.

हाच प्रयोग निवडायला तीन कारणं आहेत. पहिलं, त्याचा निकाल मूल स्वतःच्या हातानं तपासू शकतं. दुसरं, तो तपासायला लाखो रुपयांचं यंत्र लागत नाही, साधा मल्टिमीटर पुरतो. तिसरं, निकाल अपेक्षेच्या विरुद्ध आहे. काच विजेची दुर्वाहक असते, हे मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं आणि इथं ते उलटं झालेलं दिसतं. तुमच्या प्रयोगशाळेतला प्रयोग निवडताना या तीन कसोट्या लावा. निकाल फक्त संगणकावरच्या आलेखात दिसत असेल तर तो प्रयोग कितीही महत्त्वाचा असला तरी या भेटीसाठी नको.

वाक्य कसं बांधायचं

संशोधक विद्यार्थ्याला त्याचं काम विचारलं की तो प्रबंधाचं शीर्षक सांगतो : "स्प्रे पायरोलिसिस पद्धतीनं तयार केलेल्या फ्लोरिनमिश्रित टिन ऑक्साइड पातळ फिल्मच्या संरचनात्मक, प्रकाशीय आणि विद्युत गुणधर्मांचा अभ्यास." शीर्षक म्हणून ते चोख आहे. पण त्यात काय घडलं ते कुठंच येत नाही. सगळी नामं एकामागे एक लागली आहेत आणि 'अभ्यास' या शेवटच्या शब्दापाशी वाक्य थांबतं. काय सापडलं, ते त्यात नाहीच.

वाक्य बांधण्याआधी कागदावर चार प्रश्न लिहा आणि प्रत्येकाचं उत्तर मराठीत, क्रियापदासह लिहा. काय घेतलं? त्याचं काय केलं? काय बदललं? आणि काय बदललं नाही? चौथा प्रश्न सहसा कुणाला सुचत नाही, पण प्रयोगाची खरी गंमत पुष्कळदा तिथंच असते. आपल्या प्रयोगाची उत्तरं अशी येतात. काच घेतली आणि कथिलाच्या क्षाराचं द्रावण घेतलं. काच तापवून तिच्यावर द्रावण फवारलं. काचेच्या पृष्ठभागावरून वीज जाऊ लागली. काच आरपार दिसायची ती तशीच राहिली.

आता ही उत्तरं जोडून पहिला खर्डा करू : "तापलेल्या काचेवर कथिलाच्या क्षाराचं पाणी फवारलं, की काच पारदर्शक राहते आणि तिच्यातून वीज वाहते." एका दमात म्हणता येतं आणि कानाला बरं लागतं. पण हा खर्डा अजून मुलांसमोर न्यायचा नाही. आधी त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे का ते बघायचं.

'तिच्यातून वीज वाहते' हे खोटं आहे. काच होती तशीच दुर्वाहक आहे. वीज जाते ती तिच्यावर चढलेल्या थरातून. हा बारकावा सोडला तर पुढं घोटाळा होतो, कारण चौकस मूल काच उलटी करून बघतं, मागच्या बाजूनं वीज जात नाही, आणि मग वाक्यही खोटं ठरतं आणि सांगणाराही. 'पाणी' हा शब्दही बदलायला हवा. पाणी फवारून हे होत नाही, त्यात विरघळलेल्या क्षारामुळं होतं. 'द्रावण' हा शब्द मुलांना पाठ्यपुस्तकातून माहीत असतो, तो वापरायला हरकत नाही.

फ्लोरिनचं काय? ते वाक्यातून गाळलं तर खोटं होईल का? नाही. शुद्ध टिन ऑक्साइडचा थरही थोडीफार वीज वाहून नेतो. फ्लोरिन मिसळल्यानं तो पुष्कळ अधिक नेतो. म्हणजे फ्लोरिन हा किती जास्त, किती कमी याचा भाग आहे. तो दुसऱ्या वाक्यात किंवा एखाद्या मुलाच्या प्रश्नाच्या उत्तरात येऊ शकतो. तापमानाचा आकडाही इथं नको. गाळण्याचा नियम सरळ आहे : जे गाळल्यानं वाक्य अपुरं होतं ते गाळा, जे गाळल्यानं वाक्य खोटं होतं ते ठेवा.

हा हात फिरवल्यावर वाक्य असं होतं : "तापलेल्या काचेवर कथिलाच्या क्षाराचं द्रावण फवारलं, की तिच्यावर एक पातळ थर बसतो, आणि त्या थरातून वीजही जाते आणि आरपारही दिसतं."

हे वाक्य आधी शेजारच्या एखाद्या सातवीतल्या मुलाला ऐकवा आणि थोड्या वेळानं त्यालाच परत सांगायला लावा. त्यानं जो शब्द गाळला किंवा बदलला, तिथं तुमचं वाक्य कच्चं आहे. 'क्षार' हा शब्द बहुधा अडतो, कारण घरी क्षार म्हणजे बोअरच्या पाण्यानं बादलीला चढणारा पांढरा थर. तसं झालं तर 'कथिलापासून केलेलं द्रावण' म्हणा. तेही खरंच आहे.

वाक्यातला प्रत्येक शब्द टेबलावर

वाक्य तयार झालं की भेटीचा आराखडा आपोआप ठरतो. वाक्यात आलेल्या वस्तू टेबलावर ठेवायच्या आणि वाक्यात न आलेलं यंत्र त्या दिवशी दाखवायचं नाही. क्ष-किरण विवर्तनाचं यंत्र शेजारच्या खोलीत असलं तरी तिथं मुलांना नेऊ नका.

सुरुवात कथिलापासून करा. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई करतात ती याच धातूची. ज्यांच्या घरी आजीच्या वेळचं पातेलं आहे ती मुलं लगेच सांगतात. कथिलाचा एखादा तुकडा असेल तर हातोहात फिरवा. मात्र फवारतात ते धातू वितळवून नव्हे, हे लगेच स्पष्ट करा. कथिलाचं क्लोराइड पाण्यात विरघळवतात आणि त्यात अगदी थोडं अमोनियम फ्लोराइड घालतात.

मग फवारणी. शेतकऱ्यांच्या घरची मुलं फवारणीचा पंप ओळखतात. दाब दिला की नळीच्या तोंडाशी द्रावणाचं बारीक तुषारांत रूपांतर होतं, तेच इथं होतं. पण पिकावर थेंब ओला बसावा लागतो आणि इथं तो ओला बसून चालत नाही. काच साधारण ४५० ते ४७५ अंश सेल्सिअसला तापवलेली असते. तुषार तिच्याजवळ पोचतो तोवर त्यातलं पाणी उडून जातं, क्षार काचेला भिडतो, तिथंच त्याचं विघटन होतं आणि टिन ऑक्साइड काचेला धरून बसतं. क्लोरिन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेच्या रूपात निघून जातो.

म्हणूनच फवारणी मुलांसमोर करायची नाही. ती वाफ घशाला आणि डोळ्यांना झोंबते, फ्लोराइड विषारी असतं आणि तापलेली प्लेट दिसायला थंड प्लेटसारखीच दिसते. हीटर आदल्या दिवशी बंद करा, म्हणजे सकाळपर्यंत प्लेट निवलेली असेल. द्रावणाच्या बाटल्या कपाटात कुलूपबंद ठेवा. बंद यंत्रापाशी उभं राहून तोंड कुठं आहे, काच कुठं ठेवतात, धूर खेचणारा पंखा कुठं आहे एवढं बोटानं दाखवलं तरी मुलांना समजतं.

चांगल्या काचांबरोबर एक बिघडलेली काचही ठेवा. तापमान कमी पडलं की विघटन अर्धवट राहतं आणि काचेवर पांढुरका, भुकटीसारखा थर येतो. थेंब मोठे पडले तर डाग दिसतात. गरम काच एकदम उचलली तर ती तडकते. चांगला थर नखानं खरवडून निघत नाही, बिघडलेला कापसानं पुसला तरी निघतो. मुलांनी कापूस फिरवून बघायचा, मात्र हातमोजे घालून आणि नंतर हात धुऊन, कारण अर्धवट थरात क्लोराइड उरलेलं असतं. आपण काचेवर काही चिकटवलं नाही, काचेवर काही तयार झालं, हा फरक त्यातून हाताला कळतो.

मल्टिमीटरचा प्रयोग, आणि तो कुठं फसतो

आता वाक्याचा शेवट : 'वीजही जाते आणि आरपारही दिसतं.' मुलांचे दहा-दहाचे गट करा. प्रत्येक गटाला दोन काचपट्ट्या द्या, एक साधी आणि एक थराची. दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या नेहमीच्या मापाच्या, ७५ मिलिमीटर लांब आणि २५ मिलिमीटर रुंद. दोन्ही वर्तमानपत्रावर ठेवा आणि मजकूर वाचायला सांगा. दोन्हींतून वाचता येतो. थराची काच कोणती, हे सरळ बघून ओळखता येत नाही. तिरपी धरून उजेडात बघितली तर एकीवर फिकट हिरवी-गुलाबी झाक दिसते. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्यानं ती येते. थराची जाडी साधारण अर्धा मायक्रोमीटर असते. एका मिलिमीटरचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक.

यानंतर मल्टिमीटर. तो रोध मोजण्याच्या २०० ओहमच्या किंवा २ किलोओहमच्या पट्टीवर ठेवा आणि मुलांना दोन्ही टोकं काचेवर टेकवू द्या. थराच्या बाजूला काही दहा ओहमचा आकडा येतो, साध्या काचेवर येत नाही. इथपर्यंत सगळं सोपं आहे. पण हा प्रयोग चार ठिकाणी फसतो आणि चारही ठिकाणं आधी माहीत असलेली बरी.

पहिलं, बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मल्टिमीटरवर रोध मापनाच्या पलीकडे गेला की पडद्यावर डाव्या बाजूला नुसता 1 दिसतो. मुलं ते 'एक ओहम' असं वाचतात. थराच्या काचेवर ५०, साध्या काचेवर १, म्हणजे साधी काचच विजेला कमी अडवते, असा निष्कर्ष ती काढतात आणि त्यांच्या दृष्टीनं तो तर्कशुद्ध असतो. म्हणून काच हातात देण्याआधी दोन्ही टोकं हवेत धरून तो 1 दाखवा आणि 'वीज जातच नाही याची ही खूण' असं सांगून टाका. काही मीटरवर त्या जागी OL दिसतं, त्यात हा गोंधळ होत नाही.

दुसरं, 'बीप' वाजवणारी पट्टी वापरू नका. रोध काही दहा ओहमच्या आत असला तरच ती वाजते. ही मर्यादा प्रत्येक मीटरची वेगळी असते आणि आपला थर नेमका त्या मर्यादेच्या आसपास येतो. एका गटाचा मीटर वाजतो, दुसऱ्याचा वाजत नाही आणि सगळा वेळ त्यातच जातो.

तिसरं, काच पकडायला मगरीच्या जबड्यासारखे चिमटे वापरू नका. चिमट्याचा एक जबडा वरच्या बाजूला आणि दुसरा खालच्या बाजूला टेकतो. दोन्ही जबडे धातूचेच असल्यानं काच कशीही उलटी केली तरी थराला स्पर्श होतोच आणि आकडा तोच येतो. 'थर एकाच बाजूला आहे' हे दाखवण्याचा तुमचा मुद्दा तिथंच बारगळतो. मीटरच्या टोकदार सळयाच हातानं टेकवा. टोकांना ॲल्युमिनियमच्या फॉइलची छोटी घडी गुंडाळली तर स्पर्श चांगला होतो, आकडा नाचत नाही आणि थरावर ओरखडेही उठत नाहीत.

चौथं, फवारताना थोडे तुषार काचेच्या कडेवरून मागच्या बाजूलाही जातात. त्यामुळे मागची बाजू कडेला वीज नेऊ शकते. आदल्या दिवशी प्रत्येक काच दोन्ही बाजूंनी तपासून घ्या आणि ज्यांची मागची बाजू पूर्ण कोरी आहे त्याच काचा निवडा.

नववी-दहावीची मुलं असतील तर आणखी एक पायरी चढता येते. चांगल्या एफटीओ थराचा रोध दर चौरसाला सुमारे १० ते १५ ओहम असतो. 'दर चौरसाला' म्हणजे लांबी-रुंदी सारखी असलेल्या कोणत्याही तुकड्याला, मग तो लहान असो की मोठा. आपली पट्टी ७५ बाय २५ मिलिमीटरची, म्हणजे लांबीत बरोबर तीन चौरस बसतात. थराचा रोध दर चौरसाला १५ ओहम धरला तर पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५ गुणिले ३, म्हणजे ४५ ओहम यायला हवा. दोन्ही टोकांना पट्टीच्या पूर्ण रुंदीची फॉइल घट्ट दाबून मोजलं तर आकडा याच्या जवळपास येतो. नुसती टोकं टेकवली तर तो जास्त येतो, कारण वीज एका बिंदूतून पसरते आणि स्पर्शाच्या जागीही थोडा अडथळा होतो. आधी हिशेब करायचा, मग मोजायचं आणि फरक का आला ते शोधायचं : हे तीन टप्पे मुलांनी पार केले तर त्यांनी त्या दिवशी खरंच एक प्रयोग केला.

लहान वर्गासाठी आकड्याऐवजी दिवा लावा. पेन्सिल सेलच्या जोडीला म्हणजे ३ व्होल्टला, एक लाल एलईडी आणि ४७ ओहमचा रोधक जोडा आणि मंडलात मध्ये काच ठेवा. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, उरलेल्या एका व्होल्टवर थरातून पुरेशी वीज जाते आणि दिवा उजळतो. काच उलटी करून टोकं टेकवली की विझतो. इतक्या कमी व्होल्टला झटका बसत नाही, हे मुलांनी विचारण्याआधीच सांगा.

मुलं काय विचारतात

वाक्य नीट पोचलं असेल तर पहिला प्रश्न 'का?' असा येतो. त्याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. वीज का जाते? टिन ऑक्साइडमध्ये काही ऑक्सिजन अणूंच्या जागी फ्लोरिनचे अणू बसतात. ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन लागतात, फ्लोरिनला एकच. एक इलेक्ट्रॉन उरतो, तो मोकळा फिरतो आणि वीज वाहून नेतो. मग आरपार का दिसतं? थरातल्या बांधलेल्या इलेक्ट्रॉनांना सोडवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी दृश्य प्रकाशाच्या कणात नसते, म्हणून प्रकाश न अडता पुढं जातो.

इथं जवळच्या हुपरीचा आधार घ्या. चांदीच्या दागिन्यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव मुलांना ठाऊक असतं. चांदीतून वीज उत्तम जाते, मग चांदीतून आरपार का दिसत नाही, असं मुलांनाच विचारा. चांदीत मोकळे इलेक्ट्रॉन इतके असतात की ते दृश्य प्रकाश परत फेकतात, म्हणून ती चकाकते. आपल्या थरात ते साधारण शंभरेक पटींनी कमी असतात. ते दृश्य प्रकाश सोडून देतात आणि फक्त अवरक्त किरण परतवतात. वीज नेण्यापुरते जास्त आणि प्रकाश अडवण्यापेक्षा कमी, असं ते प्रमाण आहे.

दुसरा प्रश्न : 'मोबाइलच्या काचेवर हेच असतं का?' हो म्हणण्याचा मोह होतो, पण बरोबर उत्तर वेगळं आहे. मोबाइलच्या स्पर्शपडद्यात बहुधा इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा थर असतो. कुळी एक, पदार्थ वेगळा. एफटीओ जास्त तापमान सोसतं, म्हणून काही प्रकारच्या सौर घटांमध्ये ते वापरतात. विमानाच्या पुढच्या काचेवर धुकं आणि बर्फ जमू नये म्हणूनही असे पारदर्शक थर वापरले गेले, कारण थरातून वीज सोडली की काच तापते.

तिसरा प्रश्न संशोधकाला अवघडवणारा असतो : 'म्हणजे हे तुम्ही शोधलं?' खरं उत्तर द्या. अशी काच कित्येक दशकांपासून माहीत आहे. आपण तिच्यावर काय शोधतो आहोत, हे मात्र दुसऱ्या एका वाक्यात तयार ठेवा. उदाहरणार्थ : "थर जाड केला की वीज जास्त जाते पण उजेड कमी जातो, म्हणून दोन्ही चांगले राहतील अशी जाडी आणि तापमान आम्ही शोधतो." पहिल्या वाक्यात घडलेली गोष्ट असते, दुसऱ्यात अजून न सुटलेली. दोन्ही एकत्र कोंबू नका. मुलांना घडलेलं आधी दिसू द्या, मगच न सुटलेला प्रश्न त्यांना आपला वाटतो.

दुसऱ्या प्रयोगाला हीच रीत लावून

तुमच्या टेबलावर दुसरा प्रयोग असेल तरी रीत बदलत नाही. टंगस्टन ऑक्साइडवर काम करणाऱ्याचं शीर्षक 'इलेक्ट्रोक्रोमिक गुणधर्म' असं असतं. चार प्रश्न लावा. काय घेतलं? एफटीओ काच आणि तिच्यावर टंगस्टन ऑक्साइडचा थर. काय केलं? सौम्य आम्लात बुडवून थोडे व्होल्ट दिले. काय बदललं? रंग. काय बदललं नाही? थर तोच राहिला, म्हणून व्होल्ट उलटे दिले की रंग गेला. वाक्य होतं : "या थराला एका दिशेनं थोडी वीज दिली की तो निळा होतो आणि उलट दिशेनं दिली की निळेपणा जातो." निळा रंग चढताना वर्गानं डोळ्यांनी बघितला की वाक्याचा पुरावा समोर असतो. फक्त आम्लाचं भांडं संशोधकाच्याच हातात राहू द्या.

भेटीच्या आधी

आदल्या दिवशी तीन गोष्टी करा. वाक्य मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाराजवळ लावा, म्हणजे मुलं आत येतानाच वाचतील आणि जाताना ते खरं होतं का हे ठरवतील. सगळ्या काचा, मीटर आणि सेल तपासून ठेवा. संपत आलेल्या बॅटरीवर मीटर चुकीचे आकडे दाखवतो. आणि त्या दिवशी मदतीला असलेल्या प्रत्येक सहकाऱ्याला तेच वाक्य, त्याच शब्दांत सांगायला लावा. एक जण 'काचेतून वीज जाते' आणि दुसरा 'थरातून वीज जाते' म्हणाला, तर मुलं चुकीचं तेवढं लक्षात ठेवतात, कारण ते छोटं असतं.

भेट संपताना आभारप्रदर्शनाऐवजी दोन-तीन मुलांना उभं करा आणि त्यांनी काय बघितलं ते एका वाक्यात सांगायला लावा. त्यांच्या वाक्यात 'थर' आला, 'वीज' आली आणि 'आरपार' आलं, तर भेट साधली. यातलं एकही आलं नाही तर चूक मुलांची नाही, वाक्याची आहे. ते त्याच संध्याकाळी दुरुस्त करा, कारण दुसऱ्या दिवशी दुसरी शाळा यायची असते.